फ्लॅट विकला, पेस्ट कंट्रोलचा करार मध्येच संपवायचा: परतावा किती मागावा?

निशिगंध: फ्लॅट विकला, १२ तारखेला ताबाही दिला. झुरळं-मुंग्यांसाठी पेस्ट कंट्रोलचा वर्षाचा करार होता, चार व्हिजिटचे पैसे आगाऊ भरलेत. दोन झाल्या. कंपनीला पत्र लिहून करार बंद करायचा आहे आणि निम्मे पैसे परत मागायचे आहेत. हे रास्त आहे ना?

पिंपळपान: शंभर टक्के रास्त. दोन झाल्या, दोन राहिल्या, निम्मे पैसे तुमचे. जे काम केलंच नाही त्याचे पैसे ठेवून घ्यायचा त्यांना काय अधिकार? आठ दिवसांची मुदत द्या आणि कडक शब्दांत लिहा.

वाटसरू: मी या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो, निम्म्यावर अडून बसू नका. आधी करारामागच्या अटी वाचा. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की ग्राहकाने मध्येच करार सोडला तर झालेल्या व्हिजिट सुट्या दराने धरल्या जातील. वर्षाचा दर एकगठ्ठा म्हणून स्वस्त असतो. समजा, चार व्हिजिटचे मिळून तुम्ही १०० भाग दिले आणि सुटी एक व्हिजिट ३५ भागांना पडते. मग झालेल्या दोनचे ७० कापून हातात ३० येतात, ५० नाही. अशी अट छापलेली नसेल, तर मात्र ५० मागा आणि सोडू नका.

पिंपळपान: ही तर कंपनीची वकिली झाली. करार मोडायची हौस कोणाला आहे? घरच राहिलं नाही.

वाटसरू: वकिली नाही, त्यांचं उत्तर काय येणार ते सांगतोय. खरं काम पहिल्या दोन फेऱ्यांतच होतं. पहिल्या दिवशी ओट्याखाली, कपाटांच्या बिजागऱ्यांत, फ्रिजमागे जेलचे ठिपके लावतात. त्याने झुरळं मरतात, अंडी मरत नाहीत. पिल्लं बाहेर पडली की दुसरी फेरी. नंतरच्या फेऱ्या देखभालीच्या. पण पावतीवर चारही व्हिजिट सारख्याच लिहिल्या असतील, तर हा मुद्दा त्यांना मांडता येऊ नये असं माझंही मत आहे.

कोरांटी: आमचं उलटंच झालं. वाळवीचा करार होता, घर विकल्यावर परतावा मागितला तर साफ नाही म्हणाले. अजून राग जात नाही. तुम्हालाही देणार नाहीत, पत्राचे कष्ट वाचवा.

वाटसरू: कोरांटीताई, वाळवीचं गणित वेगळं. त्यात भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडतात, जवळपास सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो. पुढे असते ती तपासणी आणि हमी. तिथे परतावा कमीच निघतो, पण उरलेली हमी नव्या मालकाच्या नावावर करून मागता आली असती. निशिगंध यांचा करार तसा नाही.

सावली: मग निशिगंध यांनीही तेच करावं की! घर घेणाऱ्याला उरलेल्या दोन व्हिजिट द्यायच्या आणि पैसे त्याच्याकडून घ्यायचे. करार पत्त्यावरच असतो.

निशिगंध: त्यांना विचारलं. ते आधी घराची दुरुस्ती काढणार आहेत, नको म्हणाले. शिवाय कंपनीचा माणूस काल फोनवर म्हणाला की तीन व्हिजिट झाल्यात.

वाटसरू: खरी मेख इथे आहे. मध्ये कधी तक्रार केली म्हणून माणूस येऊन गेला होता का? ती फेरी करारात मोफत असेल, तर व्हिजिटमध्ये धरता येत नाही. प्रत्येक फेरीनंतर तुमची सही घेतलेली स्लिप असते. नियमित फेरीच्या स्लिपा दोनच असतील, तर मोजणी दोनच. पत्र आजच पाठवा. पुढची तारीख आली, माणूस जुन्या पत्त्यावर जाऊन आला, की तीही फेरी खर्ची टाकतात. मजकूर साधा ठेवा:

"करार क्रमांक अमुक, पत्ता अमुक. ही सदनिका मी विकली असून १२ तारखेला ताबा दिला आहे. हे पत्र मिळाल्यापासून करार संपुष्टात आणावा, पुढील व्हिजिट व आपोआप होणारे नूतनीकरण रद्द करावे. चारपैकी दोन नियमित व्हिजिट झाल्या. स्लिपांच्या प्रती सोबत आहेत. उरलेल्या दोन व्हिजिटची रक्कम परत करावी. काही कपात करणार असाल, तर करारातील कोणत्या अटीनुसार व किती, ते लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. फोनवर कपात वाटेल तेवढी सांगतात, कागदावर अट दाखवावी लागते.

पिंपळपान: मजकूर चांगला आहे. पण आकडा घातलाच पाहिजे, निम्मे. आपणच मोघम लिहिलं तर ते ३० वरून सुरुवात करतील.

वाटसरू: अट नसेल तर आकडा घाला, मान्य. अट असताना निम्मे लिहिलं, तर ती एक ओळ दाखवून सगळं पत्र बाजूला ठेवतील.

निशिगंध: स्लिपा सापडल्या, तीन आहेत. तिसरीवर "तक्रार, मुंग्या, मोरी" असं लिहिलंय आणि व्हिजिट क्रमांकाची जागा कोरी आहे. तिची प्रतही जोडते. करारामागची छपाई फार बारीक आहे, उद्या उजेडात वाचून आकड्याचं ठरवते.