मदत हवी आहे: फळ्यावरच्या माइंड मॅपचा फोटो आहे, कोण कोणाच्या पोटात ते यादीत कसं आणू?

गोरेगावचा_सचिव:
सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत एकाने माइंड मॅप काढला, त्याचा फोटो आहे. गूगल लेन्स लावलं तर शब्द सगळे आले, पण नुसता ढीग. 'भाडे' आणि 'कन्व्हेयन्स' एका ओळीत! दोघांचा काय संबंध? रविवारी सभा आहे, त्याआधी वर्डमध्ये नीट यादी हवी. लवकर सांगा.

मालाडची_मावशी:
फळा की कागद? शब्द गोलात लिहिलेत की रेषेवर? बाण आहेत का? फोटो टाका की.

गोरेगावचा_सचिव:
फोटोत आकडे आहेत, टाकता येणार नाही. पांढरा फळा, आता पुसलाय. शब्द रेषेवर. एक तुटक बाण आहे. हे सगळं कशाला लागतं?

डोंबिवली_फास्ट:
सोपं आहे. एका रंगाची एक फांदी. रंग बघा, गट पाडा, झालं.

मालाडची_मावशी:
फास्ट, रंगावरून फार तर मुख्य फांदी कळेल, तिच्या आतली उतरंड नाही. आणि मार्कर सुकला की माणूस हाताला लागेल तो दुसरा उचलतो. रेषेच्या मध्येच रंग बदलला असेल तर तसंच झालंय समजा.

सचिव, लेन्सला रेषा म्हणजे मजकूर वाटतच नाही. एका उंचीवरचे शब्द ते एका ओळीत देतं. तुमचं 'भाडे' एका फांदीचं, 'कन्व्हेयन्स' शेजारच्या फांदीचं, फक्त टेकलेत जवळ. म्हणून जवळ काय आहे ते बघू नका, रेषा बोटाने मध्याकडे मागे न्या. शब्द रेषेवर आहेत ना, मग पोटफांदी ज्या रेषेतून फुटते त्या रेषेवरचा शब्द तिचा पालक.

फोटो छापून प्रत्येक शब्दाला क्रमांक द्या. पुढे पालकाचा क्रमांक, मधल्याला ०. तुम्ही सांगितलेल्यावरून आणि उरलेलं अंदाजाने भरून, असं:

```
१  पुनर्विकास     ०
२  तात्पुरती सोय  १
३  भाडे          २
४  कागदपत्रे      १
५  कन्व्हेयन्स    ४
६  पैसा          १
७  कॉर्पस        ६
```

शब्द ७, तर जोडरेषा ६च हव्यात. कमी भरल्या तर एखादा शब्द अनाथ आहे. जास्त भरल्या तर कुणाला दोन पालक लागलेत, बहुधा तुमचा तुटक बाण मोजला गेला. बाण उतरंडीत धरायचा नाही. पण एक रेषा सुटली आणि एक जादा धरली, तरी बेरीज जुळतेच. तेव्हा प्रत्येक शब्दाला एकच पालक आहे का, हेही बघा.

ठाण्याचा_काका:
आधी सांगा, संमती ५१ टक्के घेतली का? आमच्याकडे ७५ धरून बसले होते, वर्ष गेलं.

डोंबिवली_फास्ट:
काका, २०१९ च्या शासन निर्णयापासून ५१ आहे. पण इथे विचारलंय काय!

गोरेगावचा_सचिव:
काका, संमतीचं नंतर. मावशी, जमतंय. पण 'पार्किंग' अडकलंय. त्याच्या रेषेवर ट्यूबलाइटची चकाकी. 'जागा'खाली की 'पैसा'खाली? आणि बाण 'कॉर्पस'कडून 'भाडे'कडे जातो.

डोंबिवली_फास्ट:
कॉन्ट्रास्ट वाढवा, दिसेल. नाहीच दिसलं तर दोन्हीकडे टाका.

मालाडची_मावशी:
फोटो तिथे पूर्ण पांढरा झाला असेल तर कॉन्ट्रास्टने काहीच निघत नाही. दुसऱ्या कुणी बाजूने फोटो काढलाय का, ग्रुपवर विचारा. कोन बदलला की चकाकी सरकते. आणि दोन्हीकडे टाकू नका. रविवारी कुणीतरी दोन वेगळे मुद्दे समजून दोनदा चर्चा करेल. पालकाच्या जागी '?' ठेवा.

बाण शब्दापुढे लिहा. मग टॅब देऊन असं टंका:

```
पुनर्विकास
	तात्पुरती सोय
		भाडे (बाण: कॉर्पसकडून)
	कागदपत्रे
		कन्व्हेयन्स
	पैसा
		कॉर्पस
```

वर्डआधी हे फ्रीप्लेनमध्ये पेस्ट करा. टॅबवरून त्याचा पुन्हा नकाशा होतो. तो छापील फोटोशेजारी धरा, चुकीच्या फांदीवर बसलेला शब्द यादीपेक्षा तिथे पटकन दिसतो.

डोंबिवली_फास्ट:
सात शब्दांसाठी आणखी एक सॉफ्टवेअर?

गोरेगावचा_सचिव:
सात नाहीत हो, चाळीसेक आहेत. एका शेजारणीकडे बाजूने काढलेला फोटो मिळाला. 'पार्किंग'ची रेषा दिसते, पण ती 'जागा' आणि 'पैसा' फुटतात तिथेच, मध्याला टेकते.

मालाडची_मावशी:
मग ती मुख्य फांदीच असेल, पालक १. पण काढणाऱ्याला एकदा विचारून घ्या.

ठाण्याचा_काका:
पार्किंग कुणाला किती देणार आहेत?