अनुभव धागा: पानांचा चहा कडू होतो तेव्हा

वाळवलेला पुदिना पाण्यात टाकून पाच मिनिटं खळखळ उकळला. स्वयंपाकघरभर सुगंध दरवळला, कपात मात्र गवताचं कडवट पाणी उतरलं. तुमचं काय होतं? किती गरम पाणी, किती वेळ, सगळं सविस्तर लिहा.

मोरपीस: घरभर दरवळला तो सुगंध कपातूनच गेला ना! पुदिन्याचा वास उडून जाणाऱ्या तेलाचा असतो आणि उकळताना ते वाफेबरोबर निघून जातं. मी पाणी उकळते, गॅस बंद करते, मिनिटभर थांबते, मग दोनशे मिलिलिटरला चमचाभर पानं घालून लगेच झाकण ठेवते. पाच-सहा मिनिटांनी झाकण उचलून त्याच्या आतल्या थेंबांचा वास घेऊन बघा. ते थेंब मी कपातच निथळवते.

अण्णा: पाणी कोमटच हवं. मी बोट बुडवता येईल इतक्याच पाण्यात घालतो. कडू होत नाही म्हणजे नाही.

मोरपीस: कडू होत नाही हे खरं, अण्णा, पण चव तरी येते का? तेवढ्या पाण्यात वाळकी पानं वरच तरंगत राहतात, नीट भिजतही नाहीत.

अण्णा: जरा फिक्का लागतो, हे कबूल.

किशोर_७२: मी सत्तर-ऐंशी अंशांवर दोन मिनिटं ठेवतो, उत्तम होतो. ग्रीन टी हं.

धागाकर्ती: ग्रीन टीचं गणित वेगळं, किशोर. इथे पुदिना, कॅमोमाइल असलं चाललंय.

सुगरण_नाही: माझी चूक वेगळीच. कॅमोमाइल कडक व्हावा म्हणून फुलं वीस मिनिटं तशीच ठेवली, वर चमच्याने दाबून पिळली. साखर घालूनही जीभ आखडली.

मोरपीस: वास पहिल्या काही मिनिटांतच उतरतो. कडू-तुरट द्रव्यं सावकाश येतात, पण येतच राहतात. म्हणून कडक हवा तर पानं वाढवा, वेळ नको. मी एकदा एकाच डब्यातल्या पुदिन्याचे दोन कप केले होते, दोन्ही झाकलेले. सहा मिनिटांनी गाळलेला गार होईपर्यंत थंडावा देत होता. वीस मिनिटांचा रंगाने गडद, वासाला जवळपास तेवढाच, पण घोट गिळल्यावर टाळूला कोरड पडली.

वाटसरू: मग माझं आलं झाकून ठेवून मिळमिळीत का होतं?

मोरपीस: आलं कंद आहे, दालचिनी साल. त्यांना मंद आचेवर दहा मिनिटं उकळावंच लागतं. दोन्ही एकत्र करायचं तर आलं आधी उकळा, गॅस बंद करून मग पुदिना.

धागाकर्ती: आज झाकण ठेवून सहा मिनिटं केला. वास आला, पण शेवटी किंचित कडवटपणा आहेच. डबा दीड वर्ष जुना आहे, त्यामुळे असेल का?

सुगरण_नाही: गाळलात की पानं कपातच ठेवून पीत बसलात?

धागाकर्ती: ...कपातच.