मदत हवी आहे: कॅमेरा सुरू झाला की आई आणि मामा पाठ केल्यासारखं बोलतात

पडद्याआड

नमस्कार मंडळी. आठेक मिनिटांचा लघुपट करतोय. मुख्य दोन भूमिका माझी आई आणि सख्खा मामा करताहेत. दोघांनी आजवर स्टेजवर पायही ठेवलेला नाही. कथेतही ते भाऊ-बहीणच आहेत. भाऊ आईवडिलांचं घर विकायला निघालाय आणि बहिणीची सही घ्यायला आलाय. सगळा प्रसंग एका खोलीत, टेबलापाशी, साधारण अडीच मिनिटांचा.

कॅमेरा बंद असताना दोघं छान बोलतात. मी 'अ‍ॅक्शन' म्हटलं की आईचा आवाज एक पट्टी वर जातो, हात मांडीवर गोठतात आणि मामा प्रत्येक वाक्य संपलं की माझ्याकडे बघतो. "जरा सहज बोल" म्हटलं की आणखी बिघडतं. "थोडी वैतागून बोल" म्हटलं तर आई थेट नाटकातल्यासारखी कपाळावर हात मारते. मिररलेस कॅमेरा आहे, ३५ आणि ८५ च्या लेन्स आहेत, आवाजासाठी एक बूम. माझ्याशिवाय फक्त एक मित्र मदतीला. काय करू?

दूरदृष्टी

सोपं आहे. ८५ लावा, लांब जा आणि त्यांना न सांगता शूट करा. स्क्रिप्ट देऊच नका. काय बोलायचं ते त्यांचं त्यांना सुचू दे. आणि टेक भरपूर घ्या. रॉबर्ट ब्रेसाँ हा फ्रेंच दिग्दर्शक नवख्या लोकांकडून एकेक गोष्ट इतक्यांदा करून घ्यायचा की त्यांच्यातला अभिनय गळून पडायचा.

मृण्मयी_क

माझा मुलगा शाळेच्या नाटकात वाक्यं विसरतो. त्याला आम्ही आरशासमोर उभं करून रोज म्हणायला लावतो, बराच फरक पडलाय. तुमच्या आईंनाही आरशासमोर सराव करायला सांगा.

पडद्याआड

@मृण्मयी_क, विसरण्याचा प्रश्न नाही हो, उलट फारच पाठ झालंय. आरशासमोर आणखी पक्कं होईल.

@दूरदृष्टी, खोली लहान आहे. ८५ लावून मागे सरकलो तर पाठ भिंतीला लागते आणि तरी दोघं एका चौकटीत मावत नाहीत.

कात्रीवाली

मी संकलन करते. नवख्या माणसांचं फुटेज माझ्याकडे बरंच येतं, त्यामुळे कुठे अडतं ते टेबलावर दिसतं. आधी एक सांगा, त्यांच्या तोंडी वाक्यं कोणती आहेत? पहिली चार-पाच इथे टाका.

पडद्याआड

भाऊ: मी या घराबद्दल बराच विचार केला आहे. आता ते विकणंच योग्य ठरेल.
बहीण: पण आईबाबांच्या किती आठवणी या घराशी जोडलेल्या आहेत, हे तू कसं विसरलास?
भाऊ: आठवणींवर घर चालत नाही. गिऱ्हाईक चांगलं आहे, तू फक्त सही कर.
बहीण: मी सही करणार नाही. तू आधी वरच्या खोलीत जाऊन ये.

कात्रीवाली

अर्धा रोग इथेच आहे. पहिली दोन वाक्यं कोणतेही भाऊ-बहीण एकमेकांना म्हणणार नाहीत. मुरलेला नट असली वाक्यं गिळून, मोडून, हळू म्हणून पचवतो. नवख्याला ते जमत नाही, तो ती म्हणून दाखवतो. उलट शेवटचं वाक्य चांगलं आहे, ते तसंच ठेवा.

असं करा. कागद बाजूला ठेवा आणि दोघांना फक्त परिस्थिती सांगा: तुला आजच सही हवी आहे, गिऱ्हाईक बाहेर थांबलंय. तुला सही करायची नाही, पण भांडायचंही नाही. मग बोलू द्या आणि फोनवर नुसता आवाज टिपा. नंतर ऐकून त्यांच्याच शब्दांत संवाद पुन्हा लिहा. दूरदृष्टी म्हणतात तसं पूर्ण मोकळं मात्र सोडू नका. दर टेकला वेगळं बोलले तर एका कोनातलं वाक्य दुसऱ्याला जोडता येत नाही आणि मी रात्रभर केस उपटत बसते. तीन गोष्टी ठरलेल्या क्रमाने यायलाच हव्यात: गिऱ्हाईक, सही, वरची खोली. मधलं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

दुसरं म्हणजे हात. रिकामे हात असलेला नवखा माणूस स्वतःकडेच बघत राहतो. टेबल काढून टाका आणि त्यांना मोठ्या चादरीची घडी घालायला लावा. त्याला दोघं लागतात, हे महत्त्वाचं. मामांना दुसरं टोक धरावंच लागेल, मग ते तुमच्याकडे कधी बघणार? घडी घालताना माणसं जवळ येतात, पुन्हा लांब जातात, त्यामुळे जमिनीवर खुणा करायची गरज उरत नाही. खुणा केल्या की नवखे खाली बघतात. आणि सही मागायची ती टोकं जुळवायला बहिणीपाशी आल्यावरच.

बूमवाला

चादर चांगली, पण धुऊन धुऊन मऊ झालेली सुती घ्या. नवी, कडक चादर संवादावर खसखसते आणि तो आवाज नंतर काढता येत नाही. कॉलर माईक असता तर ही कल्पना बादच होती. बूम वरून धरा आणि चादर झटकायची ती बोलणं सुरू होण्याआधी.

दूरदृष्टी

मग ब्रेसाँ चुकीचा होता का?

कात्रीवाली

नाही, त्याला वेगळंच हवं होतं. तो कलाकारांना 'मॉडेल' म्हणायचा आणि चेहऱ्यावरची भावना पुसून टाकायला पुन्हा पुन्हा घ्यायचा. त्यातून येतो तो कोरडेपणा. त्याच्या चित्रपटांत तो शोभतो. या धाग्यात मोकळेपणा मागितलाय. नवखे पहिल्या काही टेकमध्येच चांगले असतात, मग थकतात आणि मागच्या टेकमध्ये जे आवडलं त्याची नक्कल करू लागतात. एखादा हुंकार हुबेहूब त्याच जागी, त्याच सुरात परत आला की समजायचं, आता थांबायला हवं.

तुमचं लांब राहण्याचं मात्र बरोबर आहे. फक्त न सांगता शूट करू नका. घरच्यांचा विश्वास एकदा उडाला की पुढचा प्रत्येक दिवस ते कॅमेरा चालू आहे का हेच शोधत बसतात.

पडद्याआड

एक शंका. आई आणि मामामध्ये खरंच एक जुनी रुसवाफुगवी आहे. प्रसंगाआधी त्याची हळूच आठवण करून दिली तर राग खरा येईल का?

कात्रीवाली

येईल, पण तुमच्या हातात राहणार नाही. शिवाय खरा राग आलेली माणसं कॅमेऱ्यासमोर बहुधा गप्प होतात. तो विषय सोडा. भावना मागूच नका, काम द्या. "वैतागून बोल"ऐवजी आईंच्या कानात सांगा, "घडी नीट बसेपर्यंत त्याला सहीचं बोलू देऊ नकोस." मामांना वेगळं सांगा, "ती काहीही म्हणाली तरी टोक सोडायचं नाही." एकाला काय सांगितलं ते दुसऱ्याला कळता कामा नये. दर टेकला एकच गोष्ट बदला आणि "छान रडलीस", "तो उसासा मस्त होता" असं कौतुक करू नका. पुढच्या टेकला तोच उसासा दुप्पट होऊन येतो.

बूमवाला

'अ‍ॅक्शन'चं पण सांगा की.

कात्रीवाली

हो. तो शब्दच वापरू नका. "घड्या घालायला लागा" म्हणा, रेकॉर्डिंग आधीच सुरू ठेवा, एकदोन चादरी नुसत्या होऊ द्या, मग खुणेने प्रसंग सुरू. क्लॅप शेवटी द्या, पाटी उलटी धरून. म्हणजे जोडताना कळतं की ती टेकच्या शेवटाची आहे. कॅमेऱ्याचा लाल दिवा काळ्या चिकटपट्टीने झाका, स्क्रीन त्यांना दिसेल अशी फिरवू नका. प्रसंग संपल्यावर लगेच 'कट' म्हणू नका, दहा-पंधरा सेकंद थांबा. संपलं असं वाटून चेहरा सैल पडतो तेव्हाचा शॉट मला संकलनात सोन्यासारखा वाटतो.

आणि शूटिंग चालू असेपर्यंत त्यांना फुटेज दाखवू नका. एकदा स्वतःची मान, पोट, आवाज पाहिला की दुसऱ्या दिवशी माणूस तेच सांभाळत बसतो.

पडद्याआड

धन्यवाद! चादर घेऊन करून पाहिलं. आई ओळखू येईना. सहीचं ऐकल्यावर तिने टोकं जुळवता जुळवता, वर न बघता म्हटलं, "सगळं ठरवूनच आलायस तर मला कशाला विचारतोस?" हे मी जन्मात लिहिलं नसतं. आता आठवणींच्या वाक्याच्या जागी हेच ठेवलंय.

दोन अडचणी उरल्यात. एक, ३५ वर दोघांचा शॉट घेतला, मग आईचा क्लोजअप घ्यायला गेलो तर घडी प्रत्येक वेळी वेगळ्या टप्प्यावर. दुसरी, मामा. बघणं थांबलं, पण "गिऱ्हाईक चांगलं आहे" हे तो अजून जाहिरातीतल्यासारखं म्हणतो.

कात्रीवाली

घडीचं आधी. चादर फक्त मोठ्या शॉटमध्ये वापरा. सहीचा विषय निघाल्यावर चौपदरी घडी आईंच्या हातात राहील आणि दोघं बसतील असं ठरवा. क्लोजअप सगळे त्यानंतरचे. मांडीवरची घडी हलत नाही, मग जोडायला त्रास नाही. मित्राला एवढंच काम द्या: कोणत्या वाक्याला घडी कितव्या पदरावर होती ते लिहून ठेवायचं.

मामांसाठी, ते वाक्य त्यांच्या चेहऱ्यावर ठेवायलाच हवं का? प्रसंग बहिणीचा आहे. ऐकणाऱ्या आईंचा चेहरा दाखवा आणि मामांचा आवाज त्यावर येऊ द्या. तो आवाज वेगळा टिपा: त्याच खोलीत, बूम तेवढ्याच अंतरावर, मामा बसलेले आणि आई खरोखर समोर. कॅमेरा नसला की पुष्कळांचा सूर खाली येतो.

दूरदृष्टी

मला हे पळवाट वाटते. मुख्य पात्राचा चेहरा महत्त्वाच्या वाक्याला लपवला तर प्रेक्षकाला कळतं. मामांना ते वाक्य घाईत म्हणायला लावा, जाता जाता, चप्पल शोधत.

कात्रीवाली

चप्पल शोधणं चांगलं आहे, करून बघा. पण सगळी वाक्यं लपवायची असं मी म्हटलं नाही, हे एकच.

पडद्याआड

दोन्ही घेईन. शेवटचा प्रश्न. "वरच्या खोलीत जाऊन ये" यानंतर मामा काहीतरी बोलतोच, "बरं, जातो" वगैरे. मला वाटतं तो गप्प बसावा. त्याला गप्प बसवलं की तो दाखवून गप्प बसतो.

बूमवाला

बोलू द्या, नंतर कापा.

कात्रीवाली

कापता येईल, पण ओठ हलताना दिसले तर अडचण. त्यापेक्षा "गप्प बस" सांगूच नका. वरच्या खोलीची किल्ली खरोखर आईंच्या घडीत लपवा आणि मामांना सांगा की ती शोधून काढल्याशिवाय जाता येणार नाही. शोधताना ते बोलतील की नाही सांगता येत नाही, त्यामुळे या टेकला कॅमेरा आईंवरही राहील असा कोन निवडा. आणि सगळं आटोपल्यावर खोलीतला नुसता शांत आवाज अर्धा मिनिट टिपायला विसरू नका, मामांचं ते "बरं, जातो" काढलं तर तिथे तोच भरावा लागेल.