मदत हवी आहे: स्लाइडवर मराठी-इंग्रजी शेजारी शेजारी, पण मराठी बारीक दिसते

गुऱ्हाळवाला
कोल्हापुरात गूळ उत्पादकांसाठी प्रशिक्षण आहे. परराज्यातले खरेदीदारही येणार, म्हणून पॉवरपॉइंटमध्ये डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी ठेवलंय. मराठी कोकिळा फाँटमध्ये, इंग्रजी कॅलिब्रीत, दोन्ही २४. मराठी अगदीच किरकोळ दिसते. ३२ केली तर दिसायला बरी, पण ओळी इंग्रजीच्या ओळींसमोर येत नाहीत. काही स्लाइडवर तर साइझ आपोआप कमी होतो. काय करावं?

पाटीवाला
मराठी लहान ठेवू नका राव, दंड होईल. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर इतर भाषेपेक्षा लहान चालत नाही.

गुऱ्हाळवाला
दादा, पाटी नाही, स्लाइड आहेत. हॉलमध्ये प्रोजेक्टरवर दाखवायच्या.

रंकाळा_चौपाटी
मुक्त फाँट घ्या. त्यात देवनागरी आणि रोमन एकाच घरचे आहेत, दोन्ही २४ ठेवा, विषय संपला.

खिळेजुळारी
मुक्तने अर्धं काम होईल. एकाच कुटुंबातल्या दोन लिप्या एकमेकींच्या मापाने काढलेल्या असतात हे खरं. पण ओळी न जुळणं आणि साइझ आपोआप घटणं, हे दोन्ही तसंच राहील. शिवाय हॉलच्या संगणकावर मुक्त नसला तर तिथे दुसराच फाँट लागेल. म्हणून `File > Options > Save` मध्ये जाऊन `Embed fonts in the file` वर खूण करा.

कोकिळाच ठेवायचा असेल तर माप असं काढा. रिकाम्या स्लाइडवर २०० पॉइंटमध्ये मराठी क आणि इंग्रजी x, H टाइप करा. प्रत्येकावर चौकोन ओढा आणि `Shape Format` मध्ये त्याची उंची वाचा. क मोजताना खालच्या टोकापासून शिरोरेघेच्या वरच्या कडेपर्यंत. समजा x ३.३ सेमी, H ४.५ सेमी आणि क ३.० सेमी भरला. शिरोरेघ x आणि H यांच्या साधारण मधे, म्हणजे ३.९ वर यायला हवी. मग २४ गुणिले ३.९ भागिले ३.० बरोबर ३१. तुम्ही नजरेने ३२ केलेत, ते फार चुकलेलं नाही. शिरोरेघ x एवढीच ठेवली तर 'ष्ट', 'द्ध' मागच्या रांगेतून गिचमिड दिसतात. H एवढी केली तर मराठी अंगावर येते, कारण इंग्रजीतली बहुतेक अक्षरं x च्याच उंचीची असतात.

साइझ आपोआप घटतो तो ऑटोफिटमुळे. मजकूर चौकटीबाहेर जाऊ लागला की पॉवरपॉइंट तेवढ्याच चौकटीचा फाँट आणि ओळींमधलं अंतर आवळतं. मराठी चौकट आधी भरते, म्हणून तीच आवळली जाते. `Format Shape > Text Options > Text Box` मध्ये `Do not Autofit` निवडा.

शाहूपुरी_टंकन
वर्डमध्ये मराठीचा साइझ वेगळा देता येतो, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या खाली. मास्टर स्लाइडवर तसाच एकदा देऊन टाका की.

खिळेजुळारी
वर्डमध्ये येतो, बरोबर. पॉवरपॉइंटमध्ये फाँट दोन देता येतात, साइझ एकच. एका वाक्यात दोन्ही लिप्या असतील तर शब्द निवडून हातानेच बदलावा लागतो. त्यापेक्षा लिप्या वेगवेगळ्या रकान्यांत ठेवणं सोपं.

आता ओळी. दोन सुट्या चौकटी काढून टाका आणि बिनरेघांचा दोन रकान्यांचा तक्ता घ्या, एका मुद्द्याला एक ओळ. मजकूर जास्त झाला तर तक्ता फाँट घटवत नाही, खाली वाढतो, त्यामुळे गडबड लगेच कळते. 'उकळताना वर आलेली मळी काढा' हा मुद्दा मराठीत एका ओळीत आणि इंग्रजीत दोन ओळींत गेला, तरी पुढचा मुद्दा दोन्हीकडे एकाच उंचीवर सुरू होतो. १६:९ च्या स्लाइडवर तक्ता ३० सेमी रुंद करा. मराठीला १६, इंग्रजीला १४ देऊन बघा. मग दोन्ही रकान्यांना `Line Spacing` मध्ये `Exactly` निवडून ४० पॉइंट द्या. नेहमीचं ०.९ फाँटच्या स्वतःच्या उंचीवर चालतं आणि ती उंची प्रत्येक फाँटची वेगळी, म्हणून तुमच्या ओळी सरकल्या. ४० खूप मोकळं वाटलं तर ३८ करा, पण आधी 'दृष्टी'च्या बरोबर खाली 'कीर्ती' येईल असं टाइप करून पाहा. वरच्या ओळीतली ऋकाराची खूण किंवा 'ष्ट' खालच्या ओळीतल्या वेलांटीला किंवा रफाराला टेकले तर परत वाढवा.

गुऱ्हाळवाला
केलं. क ३.१ सेमी भरला, म्हणून मराठी ३० ठेवली. ऑटोफिटचा त्रास गेला, मुद्दे समोरासमोर आले. फक्त पहिल्या ओळीत मराठी किंचित खाली बसते.

खिळेजुळारी
मराठी रकान्याच्या खणांचा `Top` मार्जिन ०.१३ सेमी असेल, तो ०.०५ करून बघा.

गुऱ्हाळवाला
जुळलं. आता मथळ्यांत 'pH' आणि मराठी एकाच ओळीत आहे. pH चा साइझ हाताने कमी केला की त्या शब्दाची रेघ बारीक दिसते, बोल्ड केलं की जाड. मधलं वजन कुठून आणायचं?

रंकाळा_चौपाटी
मुक्तमध्ये मीडियम आणि सेमीबोल्ड आहेत. म्हणून म्हणत होतो.