गोलफरकाचे पट्टे आणि संघाचे गोल: एकाच तक्त्यातून की वेगवेगळे?

विश्रामबागकर (सांगली): फुटबॉलच्या एका सामन्यासाठी घरच्या संघाचे सरासरी १.६ आणि पाहुण्यांचे १.१ गोल धरून पॉइसनच्या सूत्राने प्रत्येक स्कोअरची शक्यता स्प्रेडशीटमध्ये मांडली आहे. घरचा संघ एका गोलने जिंकेल, दोनने की तीन-जास्तने, हे पट्टे आणि तो किमान दोन गोल करेल का, हे दोन्ही याच तक्त्यातून काढावं? माझं मत, जुन्या निकालांवरून वेगवेगळं मोजावं.

कृष्णाकाठ (कराड): माझं मत नेमकं उलट. आडवी ओळ घरच्या संघाच्या गोलांची धरा, उभा स्तंभ पाहुण्यांचा. ओळींच्या बेरजेतून संघाचे गोल मिळतात, आणि १-०, २-१, ३-२ अशा तिरक्या रेषेच्या बेरजेतून एका गोलचा विजय. तुमच्या सरासऱ्यांवर एका गोलने विजय २३.४ टक्के येतो, दोनने १४.९, तीन किंवा जास्तने १०.६. किमान दोन गोल होण्याची शक्यता ४७.५.

आता बघा, दोन गोल केल्याशिवाय दोन गोलच्या फरकाने जिंकताच येत नाही. म्हणजे शेवटच्या दोन पट्ट्यांचे मिळून २५.५ टक्के त्या ४७.५ च्या पोटातच असले पाहिजेत. फरक एका हंगामातून घेतला आणि गोल तीन हंगामांतून, तर हे नातं कोण सांभाळणार? तक्त्यात ते आपोआप सांभाळलं जातं.

अजिंक्यतारा (सातारा): म्हणजे "दोन-जास्तने विजय आणि किमान दोन गोल" असं दोन्ही एकत्र हवं असेल तर २५.५ आणि ४७.५ चा गुणाकार, साधारण १२ टक्के. बरोबर?

आणि तक्त्यावर एवढा भरवसा नको. पॉइसन बरोबरीचे सामने कमी दाखवतो. डिक्सन आणि कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ मध्येच त्यावर दुरुस्ती सुचवली. बरोबरी चुकली म्हणजे संघाचे गोलही चुकलेच.

कृष्णाकाठ: गुणाकार नाही चालणार. पहिली गोष्ट घडली की दुसरी घडलेलीच असते, त्यामुळे उत्तर २५.५ च. अशा ठिकाणी तक्त्यातली घरंच बेरजेला घ्यायची.

बरोबरीबद्दल तुमचं खरं आहे, पण निष्कर्ष चुकतोय. ती दुरुस्ती फक्त चार घरांना हात लावते: ०-०, १-०, ०-१, १-१. दुरुस्तीचा आकडा उणे ०.१ धरला तर ०-० आणि १-१ प्रत्येकी सुमारे १.१८ टक्क्यांनी वाढतात, १-० आणि ०-१ तेवढेच घटतात. शून्याच्या ओळीत एक घर चढलं, एक उतरलं. एकच्या ओळीतही तसंच. ओळींच्या बेरजा जागच्या हलत नाहीत, म्हणून ४७.५ तसेच राहतात. तिरक्या रेषा मात्र हलतात. बरोबरी २४.९ वरून २७.३ होते, एका गोलने विजय २३.४ वरून २२.३.

म्हणून संघाचे गोल निकालांशी जुळले तरी पट्टे जुळतीलच असं समजू नका. ते स्वतंत्र तपासावे लागतात.

मिरजेचा स्टॉपर: आमच्या स्पर्धेत गटात दोन संघांचे गुण सारखे झाले की गोलफरकावर पुढे जातात. मागच्या वेळी आम्हाला शेवटच्या सामन्यात तीनच्या फरकाने जिंकणं भाग होतं. दोन गोल झाल्यावरही सगळे पुढे चढलेलो. हे तक्ता कसं सांगणार?

कृष्णाकाठ: गटातला गोलफरक ही अनेक सामन्यांची बेरीज, इथे विषय एका सामन्याचा आहे. पण तुमचा मुद्दा फार मोलाचा आहे, दादा. स्कोअर काहीही झाला तरी खेळाची गती तीच राहते असं हा तक्ता धरतो. २५ ऑक्टोबर २०१९ ला लेस्टरने साउदॅम्प्टनला त्यांच्याच मैदानावर ९-० ने हरवलं, तेव्हा साउदॅम्प्टनचा एक खेळाडू बाराव्या मिनिटालाच लाल कार्डावर बाहेर गेला होता. सामन्याआधीच्या सरासरीत हे कुठून येणार?

विश्रामबागकर: मग तीन-जास्तचा पट्टा तरी वेगळा मोजू द्या की.

कृष्णाकाठ: आधी तक्ता कुठवर नेलाय ते सांगा.

विश्रामबागकर: दोन्ही बाजूंनी चार गोलांपर्यंत. बेरीज ९७.१ येते.

अजिंक्यतारा: सगळ्या घरांना ०.९७१ ने भागा, झाले १००.

कृष्णाकाठ: भागून बेरीज जुळेल, पण पट्टा नाही जुळणार. कापलेल्या घरांतली सुमारे तीन चतुर्थांश शक्यता ५-०, ५-१, ६-१ अशा तीन-जास्तच्या पट्ट्यातल्या घरांची आहे. तो पट्टा ८.४ दिसत असणार. भागल्यावर ८.७ होईल, आणि खरा आकडा १०.६ आहे. दहा गोलांपर्यंत न्या, भागायची गरजच पडणार नाही.

विश्रामबागकर: नेतो. पण लाल कार्डाचं आणि मिरजकरांच्या त्या चढाईचं उत्तर त्यातून मिळत नाही. तीन-जास्त मी निकालांवरून पडताळणारच.

कृष्णाकाठ: पडताळा, जरूर. फक्त ज्या सामन्यांच्या सरासऱ्या तुमच्यासारख्या आहेत तेच एकत्र घ्या. अशा शंभर सामन्यांत तीन-जास्तचे विजय दहा-अकराच असतील, आणि सात आले काय नि चौदा आले काय, तेवढ्यावरून तक्ता चुकला असं मी तरी मानणार नाही.