शब्द ओळखीचा, अर्थ भलताच : परदेशी ऑफिसातले अनुभव सांगा

उनाडपाखरू :
मंडळी, परदेशात नवीन नवीन नोकरीला लागल्यावर तिथल्या इंग्रजीनं ज्यांची फजिती केली त्यांनी इथे लिहा. अट एकच, रबराचा किस्सा नको. खोडरबर मागितलं आणि अमेरिकन लोक हसले हे आता शेंबड्या पोरालाही माहीत झालंय. मला असे शब्द हवेत जे आपल्याला येतात असं आपण धरून चालतो आणि भर मीटिंगमध्ये तोंडावर आपटतो.

सुरुवात मीच करते. आधी कायम ब्रिटिश क्लायंट, त्यामुळे टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं हे डोक्यात पक्कं. मग अमेरिकेत आले आणि पहिल्याच आठवड्यात मॅनेजर म्हणाली, "लेट्स टेबल द मायग्रेशन." मायग्रेशन माझ्याकडे होतं, म्हणलं आली आपली पाळी, लगेच स्क्रीन शेअर केली आणि कुठला सर्व्हर आधी हलवायचा, बिघडलं तर मागे कसं यायचं, सगळं सांगायला लागले. ती मध्येच म्हणाली, "आय सेड लेट्स टेबल इट." मी म्हणलं, "येस येस, डूइंग इट!" आणि पुढची स्लाइड लावली. शेवटी शेजारच्यानं चॅटवर लिहिलं की इथे टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं. हसण्यावारी गेलं असतं हो, पण तिला वाटलं नवीन आलेली ही बाई सगळ्यांसमोर माझा शब्द डावलतेय. ते निस्तरायला वेळ लागला.

जुनंखोड :
उनाडपाखरू, तुम्ही मोठ्या लोकांच्या पंगतीत आहात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची याच शब्दावरून जुंपली होती, चर्चिलनंच लिहून ठेवलंय. ब्रिटिशांना एक कागद तातडीनं चर्चेला घ्यायचा होता म्हणून ते म्हणाले टेबल करू, अमेरिकन म्हणाले छे छे, इतकी महत्त्वाची गोष्ट टेबल कशी करायची, आणि बराच वेळ भांडल्यावर लक्षात आलं की दोघांनाही तेच हवंय.

ओळखायची खूण म्हणजे पुढचे शब्द ऐका. "फॉर नाऊ" किंवा "टिल नेक्स्ट वीक" आलं की विषय मिटवलाय, गप्प बसा. गंमत म्हणजे "ऑन द टेबल" ला दोन्हीकडे एकच अर्थ आहे, प्रस्ताव समोर आहे. घोळ फक्त क्रियापदाचा. कॅनडात दोन्ही अर्थ कानावर पडतात, तिथे सरळ विचारायचं, आत्ता बोलायचं की नंतर.

तिखटमीठ :
मी नेटवर्कवाली. इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियात बदली झाली. इंग्लंडमध्ये सगळे रूटर म्हणतात, माझ्याही तोंडात तेच बसलेलं. इथे पहिल्याच सकाळच्या कॉलवर मी अत्यंत गंभीर आवाजात सांगितलं की आमचा जुना रूटर रात्रभर थकून गेलाय, आज त्याला बदलून नवीन दमाचा आणावा लागेल. कॉलवर आधी कोणीतरी खोकलं, मग एकेकाचे माइक बंद व्हायला लागले. मला वाटलं लाइन गेली. लाइन गेली असं समजून मी तेच पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं.

दुपारी टीममधल्या एकीनं बाजूला घेऊन समजावलं. ऑस्ट्रेलियात रूट करणं म्हणजे काय ते मी इथे लिहीत नाही, नवरा बायकोचा विषय आहे एवढंच समजा. म्हणून इथे यंत्राला राउटर म्हणतात. आणि कहर म्हणजे रस्त्याच्या रूटला मात्र हेच लोक बिनधास्त रूट म्हणतात, तिथे कोणाला हसू येत नाही. रूट कॉजसुद्धा चालतं. मॅच बघताना "आय ॲम रूटिंग फॉर इंडिया" मात्र चुकूनही नको. इथे टीमला बॅरॅक करायचं असतं, आणि हेच बॅरॅक इंग्लंडमध्ये म्हणजे खेळाडूंची हुर्यो उडवणं! डोकं धरायची वेळ येते.

गोगलगाय :
वरचे सगळे किस्से छान, पण माझा प्रॉब्लेम वेगळा आहे, माझं नावच कोणाला उच्चारता येत नाही आणि मीटिंगमध्ये मला "द न्यू गाय" म्हणतात. स्पेलिंग बदलून घ्यावं का? कोणी घेतलंय का?

तिखटमीठ :
गोगलगाय, त्याचा वेगळा धागा काढा हो, तिथे सांगते, माझ्याकडे भरपूर मसाला आहे.

बिनपाण्याची :
लंडनमधल्या लोकांसाठी एक. "हाफ सेव्हन" ला भेटू म्हणाले तर साडेसहाला जा. मी युरोपात आहे, इथे सगळे असंच मोजतात, सातच्या दिशेनं अर्धा तास. मी कधी उशिरा पोचलो नाही.

जुनंखोड :
बिनपाण्याची, उशिरा कसे पोचाल, तास तास आधी जाऊन बसत असाल! तुमचं जर्मनपुरतं बरोबर आहे, तिथे हाल्ब झीबेन म्हणजे साडेसहा. पण ब्रिटिश माणूस हाफ सेव्हन म्हणतो तेव्हा मधला "पास्ट" गिळतो, म्हणजे साडेसात.

बिनपाण्याची :
बरं, पण माझा जर्मन बॉस इंग्रजीत हाफ सेव्हन म्हणतो तेव्हा कुठलं धरायचं? तो लंडनला चार वर्षं होता.

शांतकुमार :
मला इंग्लंडमध्ये "यू ऑलराइट?" नं छळलं. पहिल्या दिवशी जो तो विचारतोय, आरशात जाऊन बघून आलो की चेहरा उतरलाय का. एकाला तर खरंच सांगितलं की झोप नीट झाली नाही, पाठ धरलीय, तो बिचारा चहाचा कप हातात घेऊन अडकला. ते नुसतं हॅलो आहे, उत्तरात उलट "यू ऑलराइट?" म्हणायचं आणि चालायला लागायचं.

पण खरा फटका "क्वाइट गुड" नं दिला. साहेबांनी माझ्या रिपोर्टवर लिहिलं, क्वाइट गुड. मी आधी अमेरिकन टीमसोबत होतो, तिथे क्वाइट गुड म्हणजे चांगलंच झालं. मी खुशीत तोच रिपोर्ट तसाच पुढे पाठवून दिला. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ ठीकठाक आहे, अजून मेहनत घे असा निघाला. बरं तेही नेहमी नाही, गुडवर जोर दिला तर वेगळं, क्वाइटवर दिला तर वेगळं, आणि मेलमध्ये जोर कुठे दिसतो? मी आता थेट विचारतो, काय बदलू ते सांगा. तेव्हा दोन पानांची यादी येते.

माठ :
यात नवल काय? आपण तरी कुठे कमी आहोत, मी इकडच्या बॉसला सांगितलं "आय पास्ड आउट इन २०१२". तो म्हणाला, अरेरे, आता तब्येत कशी आहे?

उनाडपाखरू :
माठ 😂 आणि तुम्ही काय सांगितलंत?

माठ :
म्हणलं फर्स्ट क्लास.

रानवारा :
साउथ आफ्रिकेचं कोणीच कसं नाही? इथे "जस्ट नाऊ" म्हणजे आत्ता नाही, मग कधीतरी, आणि "नाऊ नाऊ" म्हणजे त्यामानानं लवकर. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सपोर्टवाला म्हणाला जस्ट नाऊ करतो, मी क्लायंटला कळवलं की लगेच होतंय, आणि क्लायंटला लाइनवर धरून बसलो. तो सपोर्टवाला जेवायला गेला होता. क्लायंट पण इथलाच, त्यानंच शेवटी विचारलं, नक्की काय म्हणाला तो, जस्ट नाऊ की नाऊ नाऊ? सांगितल्यावर म्हणाला मग उद्या फोन कर.