'सूचित' म्हणजे सांगितलेलं की न सांगितलेलं?

खडूफळा
सातवीच्या मुलांसाठी उताऱ्यावरचे प्रश्न काढतेय. उतारा असा: "सहलीसाठी काही मुलांनी पैसे भरले आहेत. किल्ल्याची वाट रविवारी पुन्हा उघडली. सोमवारी बस सात वाजता निघेल." खाली विधानं द्यायची आणि मुलांनी ती दोन रकान्यांत घालायची, 'उताऱ्यात सांगितलेले' आणि 'उताऱ्यात सूचित'. सहकारी म्हणतात, 'सूचित' साफ चूक. परिपत्रकात "आपणांस सूचित करण्यात येते की" असतं, तिथे तर उघड उघड सांगितलेलंच असतं. शिवाय "काही मुलांनी पैसे भरलेले नाहीत" हे विधान मी दुसऱ्या रकान्यात घातलंय, त्यांच्या मते ते पहिल्यातलं. रकान्याला नाव काय द्यावं, आणि विधान कुठे जावं?

शुद्धशेखर
चूक तुमची नाही, परिपत्रकाची आहे. 'कळवण्यात येते' हा चांगला शब्द असताना 'सूचित' कशाला? सूचित म्हणजे नुसतं बोट दाखवलेलं. सुईच्या टोकाने टोचून दाखवावं तसं. 'सूची' आणि 'सूचना' एकाच घरातल्या.

पाटीपेन्सिल
सुईची व्युत्पत्ती राहू द्या, पण आज 'सूचना' म्हणजे बजावून सांगितलेली गोष्ट. फळ्यावर 'सूचना' लिहून खाली कुणी आडून काही सुचवत नाही. सातवीतल्या मुलाच्या कानावर हाच अर्थ आधी पडलेला असतो. रकाने मात्र सोपे आहेत. जे शब्दांत दिसतं ते सांगितलेलं, बाकी सगळं सूचित.

अनुस्वार
'बाकी सगळं' म्हटलंत तिथेच घोळ होतो. "बस आठच्या आधी निघेल" हे शब्दांत नाही, पण सात खरं असेल तर हेही खरंच असणार. ते सांगितल्यातच जमा धरा. उलट "बस सकाळी निघेल" हे बहुतेक मुलं डोळे झाकून 'सांगितलेलं' म्हणतील. उताऱ्यात सकाळ कुठेच नाही. सहल सकाळीच निघते, हे आपल्या डोक्यातलं आहे.

तपासायची युक्ती अशी: मूळ वाक्यापुढे 'खरं तर' लावून शंका असलेल्या विधानाच्या उलट बोलून बघायचं. "बस सात वाजता निघेल, खरं तर संध्याकाळच्या सातला." खटकत नाही, म्हणजे सकाळ सांगितलेली नव्हती. "बस सात वाजता निघेल, खरं तर नवाला." आपटलं.

आता तुमचं विधान. "काही मुलांनी पैसे भरले आहेत, खरं तर सगळ्यांनीच भरले आहेत." चालतं. "काही मुलांनी भरले आहेत, खरं तर एकानेही भरलेले नाहीत." चालत नाही. म्हणजे निदान थोड्यांनी भरले, एवढंच सांगितलेलं आहे. काही जण राहिलेत, हे आपण काढलं. ते अशासाठी की सगळ्यांनी भरलेले असते तर लिहिणाऱ्याने 'सगळ्यांनी' लिहिलं असतं, असं आपण धरून चालतो. पण त्याला सगळं माहीत असेल तरच हे धरता येतं. त्याने अजून निम्मीच पाकिटं मोजली असतील, तर 'काही' म्हणजे फक्त मोजली तेवढी. तेव्हा रकाना तुमचा बरोबर, पण मुलांना 'नक्की' म्हणू देऊ नका, 'बहुधा' म्हणायला लावा.

खडूफळा
हे वर्गात करून घेता येईल. मग "किल्ल्याची वाट आधी बंद होती" हे कुठे? 'बंद' शब्द उताऱ्यात नाही, पण 'खरं तर ती कधी बंदच नव्हती' म्हटलं की आपटतं.

अनुस्वार
तिथे दुसरी युक्ती लागते. वाक्य नकारार्थी करा: "वाट रविवारी पुन्हा उघडली नाही." प्रश्न करा: "वाट रविवारी पुन्हा उघडली का?" दोन्हीकडे वाट आधी बंद होती हे तसंच उरतं. सांगितलेली गोष्ट नकाराने पुसली जाते, ही पुसली जात नाही. लिहिणारा ती सांगतही नाही आणि सुचवतही नाही, वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरून पुढे जातो. तिला 'गृहीत' म्हणा आणि तिसरा रकाना करा. जाहिरातींत आणि उलटतपासणीत फसवाफसवी चालते ती बहुतेक याच रकान्यात. "तुम्ही उधारी बुडवणं कधी थांबवलंत?" याला कुठलीही तारीख सांगा, सापडलात.

गोदाकाठ
आपल्याकडे हा वाद फार जुना. गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे: "भम धम्मिअ वीसत्थो…" गोदावरीकाठच्या झाडीत एका बाईचं प्रियकराला भेटायचं ठिकाण आहे. तिथे एक धार्मिक गृहस्थ येत राहतो, त्याला कुत्र्याची भीती. ती म्हणते, बाबा, आता निर्धास्त फिर, त्या कुत्र्याला काठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने आज मारलं. शब्द म्हणतात 'फिर', पोचतं 'फिरकू नकोस'. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मिरात बसून ध्वनी, म्हणजे शब्दांत नसलेला पण पोचणारा अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली. पुढे महिमभट्ट म्हणाला, ध्वनी वगैरे वेगळी शक्ती मानायला नको, हे साधं अनुमान आहे.
रकान्यांची नावं तयारच आहेत: वाच्य आणि व्यंग्य.

पाटीपेन्सिल
'व्यंग्य' लिहिलंत तर मुलं व्यंगचित्र काढून देतील.

शुद्धशेखर
म्हणून मुलांना अज्ञानातच ठेवायचं? शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही.

अनुस्वार
या गाथेला पहिली युक्ती लावून बघा. तिने पुढे म्हटलं असतं, "आणि तो सिंहही आता डोंगरापार गेला", तर 'फिरकू नकोस' उडून गेलं असतं. 'कुत्रा मेला' मात्र जागेवरच राहिलं असतं. मला यात महिमभट्टच पटतो.

गोदाकाठ
पटू दे. पण अनुमानाला पक्का हेतू, म्हणजे न चुकणारा आधार, लागतो. सिंह आहे म्हणून माणूस जाणार नाही, हे पक्कं नाही. शूर असेल तर जाईलही.

एकमहिनाआधी
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या भाडेकरारात आहे: "भाडेकरूने घर सोडण्यापूर्वी एक महिना आधी लेखी कळवावे." घरमालक म्हणतात, मालकाने कळवावं असं लिहिलेलं नाही, म्हणजे त्यांनी न कळवता घर रिकामं करायला सांगितलं तरी चालतं, हे 'सूचित' आहे. बरोबर का?

शुद्धशेखर
हा शब्दचर्चेचा प्रश्न नाही.

अनुस्वार
वाक्यापुरतं उत्तर आहे. पुढे "मालकानेही एक महिना आधी कळवावे" असं कलम जोडलं तर आधीच्या कलमाशी भांडण होत नाही. म्हणजे 'मालकाने कळवायची गरज नाही' असं करार सांगत नाही, तो त्याबाबत गप्प आहे. गप्प असणं आणि नाही म्हणणं यांत फरक आहे. त्या गप्पपणातून हक्क कुणाला मिळतो हे व्याकरण ठरवत नाही, करारातली बाकीची कलमं आणि कायदा ठरवतो. करार वकिलाला दाखवा.

पाटीपेन्सिल
थांबा, तुमच्या 'मालकानेही'मधला 'ही' कुठल्या रकान्यात? "शिक्षकांनीही पैसे भरले" म्हटलं की आणखी कुणीतरी भरले हे आलंच. पण नकार देऊन "शिक्षकांनीही पैसे भरले नाहीत" म्हटलं की आणखी कुणीतरी भरले नाहीत असं होतं. तुमची दुसरी युक्ती इथे बसत नाही.

अनुस्वार
'ही' नकाराच्या बाहेर निसटतो, म्हणून तसं होतं. अख्ख्या वाक्याला नकार द्या: "शिक्षकांनीही पैसे भरले, असं नाही." आणखी कुणीतरी भरले हे टिकतं. गृहीतच.

पाटीपेन्सिल
माझ्या कानाला टिकत नाही. "शिक्षकांनीही भरले असं नाही, कुणीच भरले नाहीत" हे मी सहज बोलेन.

गोदाकाठ
मीही.

शुद्धशेखर
'मीही' की 'मी पण'? 'पण' इथे वापरणाऱ्यांनी आधी ते सोडावं, मग गृहीतकांवर बोलावं.

पाटीपेन्सिल
इथे 'पण' कुणी वापरलाय?